वजन उचललं की उंची खुंटते, हे आलं कुठून?

दोह्यातल्या आईबाबांनो, मुलगा दहा-अकराचा झाला आणि वजन उचलायचं म्हणाला, की भारतातून आजीचा फोन येतोच: "नको रे बाबा, उंची खुंटेल!" आता बघा, आपण राहतो त्या कतारचं पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्ण वेटलिफ्टिंगचंच आहे. 2021 मध्ये टोकियोत फारेस इब्राहिमनं 96 किलो गटात एकूण 402 किलो उचलले. त्याचे प्रशिक्षक त्याचे वडीलच, स्वतः जुने ऑलिंपिक वेटलिफ्टर.

उंचीच्या भीतीला 'शास्त्रीय' आधार मिळाला तोही जपानमधून. 1964 मध्ये काटो आणि इशिको यांनी दुर्गम भागातली, जड कष्टाची कामं करणारी मुलं तपासली. ती बुटकी निघाली, हाडांची वाढही लवकर थांबलेली. पण ही होती राबणारी मुलं. त्यांचं खाणं, विश्रांती यांचा हिशेब कोणी धरला? आणि दोष लागला व्यायामाला! 1983 मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेनंही वयात येण्याआधी फायदा कमी, धोका जास्त असंच सांगितलं. पुढच्या काही वर्षांत मात्र देखरेखीखाली शिकवलेल्या मुलांवर प्रयोग झाले. त्यांची ताकद वाढली, हाडांच्या वाढीला धक्का लागला नाही. त्याच संघटनेची 2020 ची भूमिका बरीच वेगळी आहे.

मग वय कोणतं? साधारण सात-आठ. सांगितलेलं ऐकून तसं करता आलं आणि तोल सांभाळता आला, की झालं. लहान मुलांच्या दुखापती बहुतेक हातापायांवर वजन पडून किंवा बोट चिमटून होतात, म्हणून घरातले डंबेल आधी कपाटात ठेवा.

स्क्वॉट शिकवायला मागे स्टूल ठेवा. टाचा जमिनीला, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेत, हळूच टेकायचं आणि उठायचं. दहा वेळा नीट जमलं की छातीशी दोन-तीन किलो धरायला द्या. गुडघे आत वळले किंवा टाचा उचलल्या, तर वजन जास्त आहे.

डेडलिफ्टला पाठीवर काठी उभी धरा: डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेली. गुडघे किंचित वाकवून कंबर मागे ढकलायची. काठी सुटली म्हणजे पाठ गोल झाली. हे आठवड्यातून दोनदा, महिनाभर तरी नुसत्या काठीनंच. पुढे जिममध्ये गेलात तर एक गोष्ट बघा: लहान चकत्या लावलेला बार जमिनीला फार जवळ येतो, मग मूल पाठ वाकवूनच उचलणार. बारखाली ठोकळे ठेवून तो नडगीच्या मध्यापर्यंत आणा. "जास्तीत जास्त किती उचलतोस" ही पैज मात्र वाढ पूर्ण होईपर्यंत नको. दहाव्या खेपेला पाठ गोल होत असेल, तर आठव्यालाच थांबवा.