सीलचं हृदय आणि आपली घमेलीभर गार पाणी

कुणाचा जीव घाबरा झाला, रडणं आवरेना, की आपल्या घरातली मोठी माणसं म्हणतात, "आधी तोंडावर पाणी मार." या साध्या सल्ल्यामागे शरीराचं एक जुनं काम आहे. ते माणसाला कसं कळलं आणि उपचारात कसं आलं, याची गोष्ट आज सांगते.

गोष्ट बदकांपासून सुरू होते. फ्रान्समधल्या पॉल बेर या शास्त्रज्ञाने 1870 च्या सुमारास पाहिलं, की बदकाचं डोकं पाण्यात गेलं की त्याचं हृदय हळू चालायला लागतं. पुढे नॉर्वेच्या पेर शोलांडर यांनी सील या समुद्री प्राण्यावर हेच तपासलं. 1940 साली त्यांचं काम छापून आलं. सील बुडी मारतो तेव्हा त्याच्या हृदयाचे ठोके एकदम कमी होतात, म्हणजे आतला प्राणवायू पुरवून वापरला जातो. माणसातही हेच घडतं, फक्त कमी प्रमाणात. कपाळ, डोळे आणि नाकाभोवतीच्या कातडीला गार पाणी लागलं आणि त्याच वेळी श्वास रोखलेला असला, तर चेहऱ्याची नस मेंदूला खबर देते. मेंदू दुसऱ्या एका नसेमार्फत हृदयाला "हळू" असा हुकूम देतो. त्यात आपल्या इच्छेचा संबंध येत नाही. म्हणून मन कुणाचंच ऐकत नसतं, तेव्हाही शरीर ऐकतं.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या वेड्यांच्या इस्पितळांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गार ओल्या चादरीत रोग्याला घट्ट गुंडाळून ठेवत. पाणी तेच, पण ते दुसऱ्याच्या हातात होतं. 1961 साली सतरा वर्षांची मार्शा लिनेहान ही मुलगी हार्टफर्ड गावच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंगमध्ये दाखल झाली. ती स्वतःला इजा करत असे. तिला एकांत खोलीत ठेवलं, विजेचे झटके दिले. दोन वर्षांहून जास्त काळ ती तिथे होती. हीच मुलगी पुढे मानसशास्त्रज्ञ झाली. असह्य दुःखात जीव द्यायला निघालेल्या माणसांसाठी तिने उपचारपद्धती उभी केली आणि 1993 साली त्यावर पुस्तक लिहिलं. 2015 च्या सुधारित पुस्तकात गार पाण्याचा उपाय नीट मांडलेला आहे. इथे पाणी दुःखी माणसाच्या स्वतःच्या हातात आलं. 2011 मध्ये लिनेहान बाईंनी त्याच हार्टफर्डच्या संस्थेत जाऊन आपली कहाणी जाहीरपणे सांगितली.

उपाय असा. समजा, भांडणानंतर एखाद्या बाईची छाती धडधडतेय, नाडी 120 झालीय, काहीतरी भलतंच करून बसेन असं तिला वाटतंय. घमेल्यात गार पाणी घ्यावं, माठाचं पाणी आणि त्यात थोडा बर्फ. बोट घातलं तर चांगलं गार लागावं, पण दुखू नये. 10 अंशांपेक्षा गार नको. वाकून, श्वास रोखून, डोळे-गाल बुडतील असा चेहरा 30 सेकंद पाण्यात ठेवावा. जमलं नाही तर आधी बाहेर यावं. घमेलं नसेल तर गार पाण्याची पिशवी डोळ्यांवर आणि गालांवर दाबून, वाकून श्वास रोखावा. नुसते हात धुतले किंवा पाणी प्यायलं तर हा परिणाम मिळत नाही. जमलं की काही मिनिटांतच धडधड कमी होते आणि विचार करायला जागा होते.

पण हा परिणाम टिकत नाही. थोड्याच वेळात राग, भीती परत वर येते. म्हणून लगेच दुसरं काम: पायऱ्या चढउतर, जागच्या जागी धावणं, झपाझप चालणं, दहा ते वीस मिनिटं, घाम येईपर्यंत. भीतीने शरीर पळायला तयार झालेलं असतं, त्याला पळू द्यायचं. शेवटी बसून, श्वास आत घेताना लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घ्यावा.

मर्यादाही सांगते. हृदयाचा आजार, मंद नाडी, नाडी हळू करणारी गोळी चालू असेल, किंवा खाणंपिणं फार कमी झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्याचा उपाय करू नये. विहिरीत किंवा नदीत तर मुळीच नको. आणि घरात मारहाण होत असेल, तर पाण्याने ती थांबणार नाही. पाणी फक्त तुम्हाला पुढचं पाऊल उचलायची शुद्ध देतं. जीव द्यायचे विचार येत असतील तर ते पाऊल म्हणजे 14416, टेली-मानसचा मोफत नंबर. बर्फ आणायला जाताना तो कागदावर लिहून माठाजवळ चिकटवा.