औषधाच्या गुणाचें खरें माप

अमुक औषधानें रोग निम्म्यानें घटतो असें ऐकलें कीं आपणांस समाधान वाटतें. पण निम्म्यानें म्हणजे कितीच्या निम्म्यानें?

रक्तदाब किंचित् वाढलेल्या सतरा हजारांहून अधिक रोग्यांवरील प्रयोगाचा निकाल ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनें १९८५ सालीं प्रसिद्ध केला. कांहींना खरें औषध दिलें होतें, कांहींना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. निर्गुण गोळी घेणाऱ्यांत वर्षाकांठीं दर हजारीं २.६ जणांना पक्षाघात झाला. औषध घेणाऱ्यांत १.४ जणांना. घट जवळजवळ निम्मी खरी, पण फरक हजारीं अवघा १.२. हजारास १.२ नें भागलें कीं सुमारें ८३३ येतात. एकाचा पक्षाघात टळावा म्हणून इतक्यांनीं वर्षभर औषध घ्यावयाचें! खर्च व उपद्रव मात्र सर्वांच्याच वांट्यास येऊं शकतात.

असा भागाकार हेंच औषधाच्या लाभाचें माप मानावें, असें डेव्हिड सॅकेट यांनीं दोघां सहकाऱ्यांसह १९८८ सालीं सुचविलें. ही संख्या मात्र औषधाची एकट्याची नव्हे. रक्तदाब अतितीव्र असेल तर मुळांत धोकाच मोठा, म्हणून ती फार लहान होते. तेव्हां ती कोणत्या रोग्यांची व किती काळाची, हें आधीं विचारावें.