बिझी बीव्हर फलन
बिझी बीव्हर फलन : गणिती तर्कशास्त्रातील एक असंगणनीय फलन. कोऱ्या फितीवर काम सुरू करून अखेर थांबणारे, n अवस्थांचे ट्यूरिंग यंत्र जास्तीत जास्त जितकी पावले चालते, ती संख्या म्हणजे S(n) होय. हंगेरियन-अमेरिकन गणितज्ञ टिबोर रादो (१८९५–१९६५) यांनी ही कल्पना १९६२ साली मांडली. बीव्हर या अविश्रांत बांध घालणाऱ्या प्राण्यावरून तिला हे नाव मिळाले.

यंत्राची फीत दोन्ही बाजूंस अमर्याद असून तिच्या घरांत आरंभी सर्वत्र ० असतो. प्रत्येक पावलात यंत्र समोरचे चिन्ह वाचते, त्या जागी ० किंवा १ लिहिते, एक घर डावीकडे वा उजवीकडे सरकते आणि अवस्था बदलते. दोन अवस्थांचे सर्वोत्तम यंत्र असे आहे : ‘अ’ मध्ये ० दिसल्यास १ लिहून उजवीकडे व ‘आ’ मध्ये जावे, १ दिसल्यास तो तसाच ठेवून डावीकडे व ‘आ’ मध्ये जावे. ‘आ’ मध्ये ० दिसल्यास १ लिहून डावीकडे व ‘अ’ मध्ये जावे. १ दिसल्यास तो ठेवून उजवीकडे सरकून थांबावे. ‘अ’ पासून आरंभ केल्यास हे यंत्र सहाव्या पावलाअखेर चार १ ठेवून थांबते; म्हणून S(2) = ६.

तीन अवस्थांसाठी शेन लिन व रादो यांनी १९६५ मध्ये S(3) = २१ हे सिद्ध केले. संगणकाने निकालात न निघालेली ४० यंत्रे त्यांनी हाताने तपासली. खरी अडचण येथेच आहे. चालत राहिलेले यंत्र पुढे थांबणार की नाही, हे केवळ वाट पाहून कळत नाही. त्याच्या वर्तनात कायम टिकणारा आकृतिबंध शोधून तो सिद्ध करावा लागतो. ॲलन ब्रेडी यांनी १९८३ मध्ये S(4) = १०७ असल्याची सिद्धता प्रसिद्ध केली. पाच अवस्थांचे ४,७१,७६,८७० पावले चालणारे यंत्र हाइनर मार्क्सेन व युर्गेन बुंट्रोक यांना १९८९ मध्ये सापडले. परंतु तेच कमाल आहे याची संगणकाने पडताळलेली सिद्धता २०२४ मध्ये पूर्ण झाली.

हे फलन प्रत्येक संगणनीय फलनाला मागे टाकते. समजा, f हे संगणनीय फलन असून f(m) इतके १ लिहिणारे यंत्र k अवस्थांचे आहे. n अवस्थांत n इतके १ लिहिता येतात आणि त्यांची संख्या दुप्पट करणाऱ्या यंत्रास d इतक्या ठरावीक अवस्था पुरतात. ही तीन यंत्रे जोडल्यास n + d + k अवस्थांत f(2n) इतके १ लिहिले जातात. एका पावलात फार तर एक १ लिहिला जात असल्याने त्याला निदान f(2n) पावले लागतात. n ही संख्या d + k पेक्षा मोठी झाली की एकूण अवस्था 2n हून कमी भरतात. अवस्था वाढल्यास S वाढतेच; म्हणून S(2n) हे f(2n) पेक्षा मोठे ठरते. विषम संख्यांसाठीही किरकोळ फेरफाराने हाच युक्तिवाद लागू पडतो.

यावरून S(n) ची एकेक किंमत निश्चित संख्या असली, तरी सर्व किंमती काढून देणारी एकच रीत असू शकत नाही. तशी रीत असती, तर S(n) पावलांत न थांबलेले यंत्र कधीच थांबणार नाही असे सांगता आले असते. आणि ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ मध्ये असाध्य ठरविलेला थांबण्याचा प्रश्न सुटला असता.