सँडपेपर, वाळू आणि मधली 80 मिनिटं

1959 साली अमेरिकन टीव्हीवर कोलगेट-पामोलिव्हच्या 'रॅपिड शेव्ह' क्रीमची जाहिरात लागायची. कोरड्या सँडपेपरवर क्रीम लावलं, लगेच वस्तरा फिरवला, की वाळू साफ! आधी खरखरीत, नंतर गुळगुळीत.

पडद्यावर मुळात सँडपेपर नव्हताच. प्लेक्सिग्लासवर वाळू भुरभुरलेली होती. खऱ्या सँडपेपरची हजामत होते, नाही असं नाही. पण त्याआधी तो सुमारे 80 मिनिटं भिजवावा लागतो. म्हणजे फसवणूक 'आधी'त नाही, 'नंतर'मध्येही नाही. ती मधल्या गाळलेल्या वेळात आहे.

फेडरल ट्रेड कमिशनने हरकत घेतली. कंपनीचा बचाव तसा ऐकण्यासारखा होता: खरा सँडपेपर टीव्हीवर साध्या रंगीत कागदासारखा दिसतो, मग बदली वस्तू वापरायची नाही तर काय? 1965 मध्ये सुप्रीम कोर्टाने कमिशनची बाजू उचलून धरली. दावा खरा असला, तरी 'हा घ्या डोळ्यांदेखत पुरावा' असं सांगून नकली प्रयोग दाखवणं ही दिशाभूलच. आइस्क्रीमऐवजी कुस्करलेला बटाटा चालेल, पण केवळ देखाव्यापुरता. त्यावरून आइस्क्रीमचा पोत सिद्ध करायला गेलात, तर नाही.

म्हणून जुन्या जाहिराती वाचताना मी प्रत्येक चित्राशेजारी लिहून ठेवते: सजावट की पुरावा? न्यायमूर्ती हार्लन यांना मात्र हा फरक पटला नव्हता. त्यांच्या मते, ग्राहकाच्या हाती पडणारी वस्तू दाव्याप्रमाणे चालते का, एवढंच पाहायला हवं. त्यांचं भिन्नमतही जरूर वाचा.