पाडव्याचं गाणं, बैलांसाठी

श्रावण अमावस्या आली की मोबाईलवर पोळ्याच्या शुभेच्छा सुरू होतात. पण आमच्या मालवणाकडे बैलांचा मान तेव्हा नसतो. पोळा घाटावरचा. आमचा दिवस दिवाळीचा पाडवा, कार्तिक शुद्ध प्रतिपदा. गोव्यात त्यालाच गोरवांचो पाडवो म्हणतात. गोठ्यापुढे शेणाचा छोटा गोठा करायचा, गुरांना आंघोळ घालायची, शिंगं रंगवायची, अंगावर ठसे उठवायचे, गळ्यात गोंड्याच्या माळा घालायच्या आणि गोडाधोडाचा घास भरवायचा.

हा दिवस आमच्या भातशेतीला बरोबर बसतो. आषाढात बैलांनी चिखल केलेला असतो. पाडव्यापर्यंत हळवं भात कापून होतं, गरवं अजून उभं असतं. बैलांनी काय केलं ते खळ्यात डोळ्यांनी दिसतं.

यंदा वाडीतल्या पोरांना त्या दिवशी म्हणायला गाणं हवं होतं. आधी जुनं काय आहे ते पाहिलं.

पहिलं आठवलं ते ‘दिन दिन दिवाळी’. हे गुराख्यांच्या पोरांचं गाणं. एकाने विचारायचं, गुरं कुणाची, आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. मग खोबरं मागायचं आणि वाघाला काठी हाणायची बढाई मारायची. चाल इतकी सोपी की चार वर्षांचं पोरही धरतं. पण नीट ऐकलं तर त्यात गाई आहेत, म्हशी आहेत. नांगराचा बैल नाही. ते राखणाऱ्याचं गाणं आहे, नांगरणाऱ्याचं नाही.

दुसरी कवी यशवंतांची पोळ्यावरची कविता, ‘सण एक दिन’. आमच्या आधीच्या पिढ्यांना तोंडपाठ. तिच्यात बैल आहे, झूल आहे, मिरवणूक आहे. आणि शेवटी कवी सगळ्या थाटामाटावर पाणी ओततो: हा मान एका दिवसाचा, उरलेलं वर्ष ओझ्याचं. कविता खरी आहे, पण तो मोठ्या माणसाचा आवाज आहे आणि थाट घाटावरचा. आमच्या बैलांना झूल कुठली?

म्हणून ठरवलं की पहिल्यातली सवाल-जवाबाची रीत घ्यायची आणि दुसऱ्यातला खरेपणा. भाषा मालवणी, कारण प्रमाण मराठीत पोरं गाणं न म्हणता धडा वाचतात. दुसरी अट अशी की ‘धन्यवाद’ किंवा ‘उपकार’ हे शब्द नकोत. बैलाला तसं कुणी म्हणत नाही. आधी त्याचं काम मोजायचं आणि मग घास पुढे करायचा, हेच आपलं आभार मानणं. झालं ते असं:

नांगर कोणी ओढलो?
ढवळ्यान ओढलो!
चिखल कोणी तुडयलो?
पवळ्यान तुडयलो!
घट्टो कोणाच्या मानेर?
ढवळ्या-पवळ्याच्या मानेर!
भात आमका, पेंढो तुका,
आज पयलो घास तुका!

एक मूल विचारतं, बाकीचे टाळीवर उत्तर देतात. ओळ लांब झाली की पहिली-दुसरीतली पोरं शेवटचे शब्द गिळतात, म्हणून सवाल तीन शब्दांचाच ठेवला.

‘घट्टो’वर घरात वाद झाला. सणाच्या दिवशी हे कशाला, असं आईचं म्हणणं. पण जू बसतं त्या जागी कातडं जाड होतं, ते पोरांनी हात लावून पाहिलंय. बैलाने काम केल्याची खूण तीच. ती ओळ ठेवली.

नवीन भाताचा ढीग आपण घरात नेतो आणि बैलापुढे पेंढा टाकतो, हा वर्षभराचा हिशेब आहे. ‘भात आमका, पेंढो तुका’ ही ओळ तोच सांगते, आणि शेवटची ओळ एका दिवसापुरता तो उलटा करते. म्हणून गाणं संपेपर्यंत घरात कुणी फराळाला हात लावायचा नाही, हा नियम.

खरेपणाची अजून एक बाजू. आता सपाटीच्या मळ्यात पॉवर टिलर फिरतो. बैल उरलेत ते उतारावरच्या लहान कुणग्यांसाठी, जिथे टिलर वळत नाही. टिलरने केलेल्या कामाचं श्रेय पोरांनी बैलाला देऊ नये. ज्यांच्या घरी बैल नाहीत ती पोरं बैलवाल्यांच्या गोठ्यात येऊन म्हणतात आणि घासही तिथेच भरवतात.

कुणी आपल्या वाडीत म्हणणार असाल तर ढोल-झांज नको. बैलांना सवय नसते. कान मागे गेले, मान झटकू लागला, पाय आपटू लागला, की पोरांना दोन पावलं मागे घ्या आणि टाळी बंद करा. पोरं बैलाच्या मागे कधीच नकोत. त्याला दिसतील अशी पुढे, थोडी बाजूला. दावं मोठ्या माणसाच्या हातात असावं. घास सपाट तळहातावर धरायचा, बोटं वर काढायची नाहीत.

बैलांची नावं तुमच्या गोठ्यातली घाला. ढवळ्या-पवळ्या आमचे.