तिस्यू : कापड की कागद?

सर्दी झाली म्हणून पॅरिसच्या दुकानात ‘तिस्यू’ मागितलंत, तर दुकानदार विचारील, किती मीटर? इंग्रजीतल्या टिश्यूसारखा दिसणारा हा फ्रेंच शब्द रोजच्या बोलण्यात साधं कापड. नाक पुसायचा कागदी रुमाल हवा असेल तर ‘मुशवार’ म्हणायचं.

‘तिसे’ म्हणजे विणणे, तिस्यू म्हणजे विणलेलं. आंधळगावच्या हातमागावरून उतरणारं कोशाचं कापड फ्रेंच माणसाला बिनचूक तिस्यूच वाटेल. इंग्रजीनेही हा शब्द आधी जरीच्या तलम वस्त्रासाठीच घेतला; कागद फार नंतरचा. आपल्या दुकानातली टिश्यू साडी त्या जुन्या अर्थाचीच.

खरी गंमत शरीरात आहे. 1800च्या सुमारास बिशा या फ्रेंच वैद्याने सूक्ष्मदर्शक न वापरता शरीरातले 21 पोत वेगळे केले आणि त्यांना तिस्यूच म्हटलं. मराठी जीवशास्त्राने त्यासाठी ‘ऊती’ घेतला. संस्कृतात ऊती म्हणजे विणणं. ओतप्रोतमधला ‘ओत’ त्याच धातूचा. ओतप्रोत म्हणजे आडव्या-उभ्या धाग्यांनी विणलेलं. शाळेत ऊतींची आकृती काढताना हे कुणी सांगितलं नव्हतं!