दरपत्रकातले आकडे एका रेषेत कसे आणायचे? स्पेसबार सोडा, टॅब स्टॉप वापरा

दिवाळीच्या महिनाभर आधी पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फराळाची दरपत्रकं यायला लागतात. चकली अमुक, चिवडा तमुक, अर्धा किलो आणि एक किलोचे दर वेगळे. माझ्या काकूही घरून ऑर्डर घेतात. मागच्या वर्षी त्यांनी पॉवरपॉइंटमध्ये दरपत्रक केलं आणि नाव व दर यांच्यातली जागा स्पेसबार दाबून भरली. त्यांच्या लॅपटॉपवर सगळं नीट दिसत होतं. भाच्याने ती फाइल आपल्या लॅपटॉपवर उघडली, तिथे तो फॉन्ट नव्हता, आणि आकडे सरकले. रवा-नारळाच्या लाडवांचा अर्ध्या किलोचा दर, ३४० रुपये, 'एक किलो' या मथळ्याखाली जाऊन बसला. एका ओळखीच्या बाईंनी त्यावर विसंबून दोन किलोची ऑर्डर दिली. खरे १३२० रुपये व्हायचे होते, त्यांनी ६८० धरले होते. काकूंनी शब्द पाळला आणि ६४० रुपये सोडून दिले.

ही चूक टाळायला नवं ॲप लागत नाही. पॉवरपॉइंटच्या साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये दोन सोयी असतात: वरच्या पट्टीवरचे टॅब स्टॉप आणि मजकुराचे कॉलम. दोन्ही मजकूर रांगेत लावतात, पण त्यांचं काम अगदी वेगळं आहे.

स्पेसने आकडे का सरकतात?

मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. 'र' अरुंद, 'क्ष' रुंद. त्यामुळे 'शेव' आणि 'भाजणीची चकली' यांच्यापुढे कितीही मोजून स्पेस टाकल्या तरी दोन्ही ओळींतले आकडे तंतोतंत एकाखाली एक येत नाहीत. फार तर जवळपास येतात. फॉन्ट बदलला की तेवढंही राहत नाही.

टॅब स्टॉप म्हणजे ओळीवर ठोकलेली खुंटी. 'डाव्या कडेपासून साडेआठ सेंटिमीटरवर हा आकडा संपला पाहिजे' असं तुम्ही एकदा सांगता. आधीचं नाव लांब असो की आखूड, आकडा त्याच खुंटीला येऊन थांबतो. जुन्या टाइपरायटरवरही तक्ते टंकायला अशीच सोय होती. कीबोर्डवरच्या टॅबला नाव मिळालं ते तिथल्या टॅब्युलेटरवरून.

दरपत्रक करून पाहू

उदाहरणासाठी १५ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच अशी उभी स्लाइड घ्या. त्यावर १३ सेंटिमीटर रुंदीचा टेक्स्ट बॉक्स काढा. बॉक्सच्या आत दोन्ही बाजूंना साधारण पाव सेंटिमीटर समास आधीपासूनच असतो, म्हणून मजकुराला साडेबारा सेंटिमीटर मिळतात. आता यादी टाइप करा. प्रत्येक ठिकाणी टॅब एकदाच दाबायचा. खाली बाण आहे तिथे टॅब समजा:

```
पदार्थ → अर्धा किलो → एक किलो
भाजणीची चकली → २९० → ५६०
पातळ पोह्यांचा चिवडा → २१० → ४००
रवा-नारळाचे लाडू → ३४० → ६६०
अनारसे → ४२० → ८२०
शेव → १९० → ३६०
```

सुरुवातीला हे वेडंवाकडं दिसेल. पॉवरपॉइंट स्वतःहून दर २.५४ सेंटिमीटरला, म्हणजे इंचाइंचाला, एक थांबा धरतो. 'शेव'पुढचा आकडा पहिल्या थांब्यावर बसतो, 'पातळ पोह्यांचा चिवडा' तो थांबा ओलांडून गेलेला असतो. इथेच अनेक जण आणखी एक-दोन टॅब दाबून आकडे पुढे ढकलतात. तसं करू नका. थांबे ठरवले की हे जादा टॅब आकड्यांना नको तिथे फेकतात.

आता View मध्ये जाऊन Ruler वर खूण करा. टेक्स्ट बॉक्सच्या आत क्लिक करून Ctrl+A दाबा, म्हणजे सगळ्या ओळी निवडल्या जातील. आडवी आणि उभी पट्टी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह दिसेल. त्यावर क्लिक करत गेलात की ते बदलतं: डावा, मधला, उजवा आणि दशांश टॅब. दरांसाठी उजवा टॅब घ्या आणि पट्टीवर साडेआठ आणि बारा सेंटिमीटरवर एकेकदा क्लिक करा. दोन्ही रकाने एका फटक्यात जागेवर येतील. क्लिक चुकीच्या जागी पडला तर ती खूण पट्टीवरून खाली ओढून सोडा, ती निघून जाते.

उजवाच टॅब का? कारण आकडे उजव्या कडेने जुळवले की १,१५० आणि ४२० एकाखाली एक ठेवले तरी एककाखाली एकक येतो, आणि कोणता दर मोठा हे नजरेला लगेच कळतं. डाव्या टॅबने हजाराचा आकडा शेकड्याखाली येऊन वाचणारा फसतो. दरांपुढे '/-' लावत असाल तर सगळ्या ओळींना लावा. एकाच ओळीला लावलं तर तिथला आकडा तेवढ्यापुरता डावीकडे सरकेल.

फॉन्टकडेही एकदा नीट बघा. काही मराठी फॉन्टमध्ये '१' अरुंद आणि '६' रुंद असतो. उजवी कड जुळते, पण मधले अंक किंचित पुढेमागे दिसतात. डोळ्याला खटकत असेल तर ज्यात सगळे अंक सारख्या रुंदीचे आहेत असा फॉन्ट निवडा.

हमखास कुठे चुकतं?

पहिली चूक म्हणजे ओळी न निवडता थांबा लावणं. टॅब स्टॉप ज्या परिच्छेदात कर्सर आहे तेवढ्यालाच लागतो. एक ओळ सरळ झाली आणि बाकीच्या तशाच राहिल्या, तर कारण हेच. Ctrl+A करून पुन्हा लावा. उलट, थांबा आधी लावून मग एंटर मारत गेलात तर पुढची प्रत्येक नवी ओळ तोच थांबा घेऊन येते.

दुसरी चूक ओळीच्या सुरुवातीला होते. मथळ्याची पहिली जागा रिकामी ठेवून थेट टॅब दाबला, तर पॉवरपॉइंट त्या ओळीला उपमुद्दा समजून आत ढकलतो. म्हणून तिथे 'पदार्थ' असा शब्द लिहिणं सोपं. जागा रिकामीच हवी असेल तर Ctrl+Tab दाबा.

छोटी तुलना: टॅब कुठवर पुरतो?

दरांखाली काकूंना आणखी एक गोष्ट सांगायची होती: घरपोच हवं असेल तर काय आणि स्वतः येऊन नेलं तर काय. ही तुलनाही त्याच बॉक्समध्ये, त्याच पद्धतीने बसते. प्रत्येक ओळीला आपले वेगळे थांबे ठेवता येतात. म्हणून तुलनेच्या ओळी निवडायच्या, वरचे उजवे थांबे काढायचे आणि साडेतीन व आठ सेंटिमीटरवर डावे टॅब लावायचे, कारण इथे आकडे नाहीत, शब्द आहेत.

```
बाब → घरपोच → स्वतः नेल्यास
किमान ऑर्डर → २ किलो → अर्धा किलो
वेळ → संध्याकाळी → दिवसभर
जादा खर्च → ५० रुपये → नाही
```

पण 'संध्याकाळी'च्या जागी 'संध्याकाळी ६ ते ९, रविवारी दिवसभर' लिहून बघा. मजकूर पुढच्या थांब्याच्या पलीकडे जातो, ओळ मोडते आणि उरलेले शब्द थेट डाव्या कडेला, 'वेळ' या शब्दाखाली येऊन पडतात. टॅबची मर्यादा इथे संपते. उत्तर एका ओळीत मावत असेल तर टॅब, दुसऱ्या ओळीवर जाणार असेल तर सरळ टेबल घाला.

मग कॉलम कशासाठी?

कॉलम आडव्या ओळी जुळवत नाहीत. वर्तमानपत्रासारखं पहिलं सदर भरलं की उरलेला मजकूर दुसऱ्या सदरात जातो, एवढंच ते करतात. म्हणून नावं एका कॉलममध्ये आणि दर दुसऱ्यात असं कधी करू नका. मध्ये एक पदार्थ वाढवला की पुढचे सगळे दर एका ओळीने चुकतात.

कॉलमचा खरा उपयोग लांब, सुट्या यादीला होतो. काकू घरपोच देतात त्या भागांची यादी घ्या: कोथरूड, कर्वेनगर, वारजे, एरंडवणे, डेक्कन, सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ, धायरी, आनंदनगर, सहकारनगर, बिबवेवाडी. कोथरूडसमोर कोण आलं याने काही बिघडत नाही. पण कॉलम पूर्ण बॉक्सला लागतात, त्यातल्या काही ओळींना नाही. म्हणून ही यादी दुसऱ्या टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवावी लागते.

त्या बॉक्सवर राइट-क्लिक करून Format Shape उघडा, त्यात Text Options, मग Text Box. तिथे Do not Autofit निवडा आणि Columns बटण दाबून संख्या २ व अंतर १ सेंटिमीटर द्या. आता बॉक्सची उंची सहा ओळींएवढी करा, म्हणजे सहा-सहा नावं वाटली जातील. 'कॉलम लावले पण झालेच नाहीत' असं वाटलं तर बहुधा बॉक्स फार उंच असतो आणि बाराही नावं पहिल्याच सदरात मावलेली असतात. उंची कमी करा. पुढे तेरावं नाव आलं तर ते खाली बाहेर लटकेल, तेव्हा एका ओळीने उंची वाढवा.

दोन्ही सोयी एकत्रही चालतात. समजा, वीस पदार्थ आहेत आणि प्रत्येकाचा एकच दर. साडेबारा सेंटिमीटरमधून मधलं एक सेंटिमीटर वजा केलं की प्रत्येक कॉलमला पावणेसहा मिळतात. थांबा प्रत्येक कॉलमच्या डाव्या कडेपासून मोजला जातो, म्हणून उजवा टॅब साडेपाचवर लावा. तो आधीच्यासारखा बारावर राहिला तर कॉलमच्या बाहेर पडतो आणि ओळी मोडतात. नाव आणि दर एकाच ओळीत असल्यामुळे यादी कितीही सरकली तरी त्यांची जोडी तुटत नाही.

पाठवताना

तयार यादी कॉपी करून व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये पेस्ट करू नका. तिथे थांबे जात नाहीत आणि आकडे पुन्हा विस्कटतात. Save As मधून PNG निवडा आणि ते चित्र पाठवा. चित्रात फॉन्ट बदलत नाही.

पाठवण्याआधी एक तपासणी करा. सगळ्यात लांब नावाची ओळ आणि सगळ्यात मोठ्या आकड्याची ओळ शोधा. त्या दोन्हींतले दर आपापल्या मथळ्याखाली असतील तर बाकीच्या ओळीही असतात. काकूंच्या यादीत गडबड झाली ती लांब नावाच्या ओळीतच.